धागा: घरमालकांनी नोटिशीचा फोटो पाठवलाय (भाडेवाढ + दुरुस्ती). उत्तराचं पत्र कसं लिहू?

मृद्गंध
नमस्कार. आम्ही दोन वर्षं एका घरात भाड्याने राहतोय, करार तीन वर्षांचा आहे. काल, म्हणजे २१ तारखेला संध्याकाळी मालकांनी व्हॉट्सॅपवर एक फोटो टाकला. हाताने लिहिलेली नोटीस आहे. फोटो तिरका आलाय, वरचा उजवा कोपरा कापला गेलाय आणि खाली डाव्या बाजूला त्यांचा अंगठा आलाय. सोबत एक ओळही लिहिलेली नाही.

भाड्याचा खरा आकडा इथे देत नाही. पहिल्या वर्षीचं भाडं १०० धरा, म्हणजे हिशोब सोपा होईल. करारात कलम ४ असं आहे: "दर १२ महिन्यांनी भाड्यात ५ टक्के वाढ होईल. वाढ मालकाने ३० दिवस आधी लेखी कळवावी." सध्या १०५ देतोय. तिसरं वर्ष येत्या १ तारखेला सुरू होतं.

नोटिशीत जे वाचता येतं ते असं. येत्या १ तारखेपासून भाडं ११३ किंवा ११८. आकडे इंग्रजी लिपीत आहेत आणि शेवटचा तीन आहे की आठ ते मला, नवऱ्याला आणि शेजारच्या मुलीला तिघांनाही वेगवेगळं वाटतं. दुसरं, बाथरूमच्या फरशीचे सांधे आमच्या वापराने खराब झाले म्हणून बेडरूमच्या भिंतीला ओल आली, ते १५ दिवसांत आमच्या खर्चाने करून घ्यावेत, "अन्यथा अनामत रकमेतून". पुढे अंगठा.

ओलीबद्दल मीच चार महिन्यांपूर्वी त्यांना कळवलं होतं! तेव्हा "बघू" म्हणाले. रात्री रागाने हे लिहिलं, अजून पाठवलेलं नाही:

"काका, तुमची नोटीस मिळाली. ११८ भाडं आम्हाला मान्य नाही. करारात ५ टक्केच आहे. ओल तुमच्या घराच्या जुन्या पाइपमुळे आहे, आमच्यामुळे नाही. तुम्ही चार महिने लक्ष दिलं नाहीत. दुरुस्ती होईपर्यंत आम्ही भाडं देणार नाही."

कसं वाटतं?

शीघ्रकोपी
पाठवूच नका काही. फोटो म्हणजे नोटीस नव्हे. नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने यायला हवी. आलीच नाही असं समजा आणि झोपा निवांत.

पिंपळपान
११३ असणार हो. ५ टक्के वाढ म्हणजे ११०, वर दुरुस्तीसाठी ३. गणित जुळतंय.

अवलिया
भाडेकरूने चार महिने ओल लपवून ठेवली असेल तर मालक म्हणून तुम्ही कडकच भूमिका घ्या. आमच्या खोलीत राहणाऱ्यानेही असंच केलं होतं. अनामत आधी हातात ठेवा.

मृद्गंध
@अवलिया, मी भाडेकरू आहे. मालक नाही. :)

अवलिया
अरेच्चा. वरची ओळ नीट वाचलीच नाही. मग माझा सल्ला उलटा करून वाचा.

जुना कारकून
मी पंचवीस वर्षं एका वकिलांच्या कचेरीत नोटिसा टाइप केल्या. वकील नाही, त्यामुळे तुमच्या गावी कायदा काय म्हणतो ते तिथल्या वकिलाला विचारा. काही ठिकाणी भाडेवाढीवर कायद्याचीच मर्यादा असते आणि ती करारातल्या वाक्यापेक्षा वरचढ ठरते. पत्राबद्दल मात्र बोलू शकतो.

शीघ्रकोपी अर्धं बरोबर बोलतायत. फोटो पोहोचला म्हणजे नोटीस रीतसर बजावली गेली का, हा प्रश्न खरा आहे आणि तो करारात "लेखी" म्हणजे काय धरलंय यावर ठरतो. पण त्यावरून गप्प बसणं हे चुकीचं पाऊल. तुम्ही फोटो पाहिलाय, त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्यात. उद्या वाद झाला तर मालक म्हणतील, कळवलं होतं, हरकत आली नाही. शिवाय १५ दिवसांची मुदत लिहिली आहे. ती निघून गेली की अनामतीला हात लावायला निमित्त मिळतं.

आता तुमचा मसुदा. त्यात चार वाक्यांत चार घोटाळे आहेत.

"तुमची नोटीस मिळाली" असं सरसकट लिहू नका. तुम्हाला नोटीस मिळालेली नाही, नोटिशीच्या काही भागाचा फोटो मिळालाय. कापलेल्या कोपऱ्यात बहुधा तारीख आहे. समजा कागदावर या महिन्याची २ तारीख असेल, तर त्यांच्या मते ३० दिवसांची अट जवळजवळ पाळली गेली. तुम्ही "नोटीस मिळाली" एवढंच लिहिलंत की कधी मिळाली हा मुद्दा तुमच्याच हाताने पुसला गेला. लिहायचं असं: अमुक तारखेला, इतक्या वाजता, एक छायाचित्र मिळालं, त्यात अमुक भाग दिसत नाही.

"११८ मान्य नाही" हेही नको. तुम्हाला ११८ आहे की ११३ हेच माहीत नाही. जो आकडा वाचता येत नाही तो नाकारायचा कशाला? पिंपळपानांचं गणित जुळतं म्हणून ११३ धरून लिहाल, आणि उद्या निघेल ११८. मग ते म्हणणार, ११३ ला तर तुमची तयारी दिसली होती. आकडा अक्षरात लिहून मागा.

पाइपचं पुढे कोणीतरी जाणकार बोलेल. आणि "भाडं देणार नाही" ही ओळ आधी खोडा. सध्या तुमची बाजू स्वच्छ आहे. भाडं थांबवलंत की थकबाकीदार तुम्ही.

शीघ्रकोपी
म्हणजे तो माणूस अंगठा ठेवून फोटो पाठवणार आणि आपण "कृपया अक्षरात लिहून द्या" म्हणायचं? अवघड आहे.

जुना कारकून
हो. तेच करायचं.

घरमालक मीच
दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. माझीही एक खोली भाड्याने आहे. कलम ४ मधलं पहिलं वाक्य बघा: "वाढ होईल." म्हणजे वाढ आपोआप आहे. ३० दिवस आधी कळवणं ही नुसती आठवण. तीही चुकली असेल तर फार तर एका महिन्याच्या फरकाचा प्रश्न, तोही पाचसव्वापाचाचा. त्यासाठी संबंध बिघडवायचे का? ११० ला हो म्हणा आणि बाकीच्यासाठी भांडा.

जुना कारकून
मला नाही पटत. मुदत घातली ती कशासाठी? "होईल" आणि "कळवावी" ही दोन वाक्यं एकाच कलमात शेजारी आहेत, तेव्हा कळवल्यावरच होईल असाही अर्थ निघतो. २१ तारखेला कळलं तर ३० दिवस पुढच्या महिन्यात भरतात, म्हणजे वाढ त्याच्याही पुढच्या १ तारखेपासून. पण व्यवहार म्हणून तुमचं म्हणणं समजतं. हा निर्णय मृद्गंध यांचा.

पिंपळपान
११० की ११०.२५? ५ टक्के मूळ भाड्यावर की चालू भाड्यावर?

मृद्गंध
करारात नुसतं "भाड्यात" आहे. मागच्या वर्षी प्रश्न आला नाही, १०० चे १०५ दोन्हीकडून सारखेच.

घरमालक मीच
चालू भाड्यावरच धरतात सहसा. पाव आकड्यासाठी नका अडू बाई.

राधिकाची आई
आमचा अनुभव सांगते. घर सोडताना मालकांनी रंगाचे पैसे अनामतीतून कापले. भिंतीवर फक्त खिळ्यांची भोकं होती. आम्ही राहायला आलो तेव्हाचे फोटो माझ्या जुन्या फोनमध्ये होते आणि तो फोन मुलीने पाण्यात टाकला. नंतर चॅटमध्ये शोधले तर सापडले, पण त्यावर फोटो कधी काढला ते काहीच दिसेना. त्यामुळे तुम्ही सगळं जपून ठेवा एवढंच.

जुना कारकून
राधिकाच्या आई, मुद्दा नेमका आहे. व्हॉट्सॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि फोटोच्या आत नोंदलेली काढल्याची वेळ, ठिकाण वगैरे माहिती निघून जाते. उरते ती फक्त संदेश कधी आला याची वेळ. म्हणून मृद्गंध, तो संदेश आहे तिथेच राहू द्या, पुसू नका. त्या चॅटमध्ये संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर आज बंद करा, आणि चॅट बाहेर काढून स्वतःला ईमेल करून ठेवा. स्क्रीनशॉट काढताना वरचं नाव, तारीख आणि वेळ तिन्ही दिसली पाहिजेत. मालकांकडून पूर्ण नोटीस मागताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा. तसं पाठवलं तर चित्र दाबलं जात नाही, तीन आणि आठ कळायला तेवढं पुरेल.

एक मात्र लक्षात ठेवा. फोटो काढल्याची वेळ कळली तरी कागद कधी लिहिला ते त्यातून कळत नाही.

गवंडीकाम
उशिरा आलो. मी वॉटरप्रूफिंगची कामं बघतो, साइटवर. ओलीबद्दल विचारतो. डाग भिंतीवर किती उंचीला आहे? भिंतीच्या पलीकडे बाथरूमचा कोणता भाग येतो? पांढरा खार फुटलाय का? पावसाळ्यात वाढतो का?

मृद्गंध
जमिनीपासून गुडघ्याच्या वर, साधारण दीड-दोन फुटांवर. पलीकडे बाथरूमचे नळ आणि गीझरकडून येणारी लाइन. खाली जमिनीलगत मात्र भिंत कोरडी आहे. खार आहे, हात लावला की पीठ गळतं. पावसाशी संबंध दिसत नाही, ती भिंत आतली आहे.

गवंडीकाम
फरशीच्या सांध्यातून पाणी गेलं तर ओल जमिनीलगत सुरू होते आणि वर चढते. तुमची मधूनच सुरू झालीये आणि खाली कोरडं आहे. मला संशय भिंतीतल्या पाइपच्या जोडाचा. पण फोटोवरून निदान करणारा मिस्त्री आणि फोटोवरून नोटीस देणारा मालक सारखेच, म्हणून एक तपास सांगतो.

डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. मग दोन-चार दिवस बाथरूम अजिबात वापरायचं नाही, पण मुख्य व्हॉल्व्ह चालू ठेवायचा. फरशीतून पाणी जात असेल तर त्याला पाणी मिळणारच नाही. पाइपमध्ये मात्र दाब चोवीस तास असतो, कोणी आंघोळ करो न करो. त्या दिवसांत डाग रेघेबाहेर सरकला तर सांधे दोषी नाहीत असं बरंच खात्रीने म्हणता येतं.

उलटं मात्र म्हणता येत नाही हां. डाग सरकला नाही म्हणून पाइप सुटला असं नाही. प्लास्टर पाणी धरून ठेवतं, आठवडेच्या आठवडे ओलं राहतं.

पिंपळपान
सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर रात्री आणि सकाळी बघितला तर? फिरला नाही तर गळती नाही. सोपं.

गवंडीकाम
मोठी गळती असेल तर दिसते. थेंबथेंब गळतीला घरगुती मीटर हलतच नाही, तेवढ्या बारीक प्रवाहाने त्याचं चाक फिरत नाही. आणि फिरला तरी आधी फ्लशच्या टाकीचा कॉक बंद केला होता का ते बघावं लागतं, निम्म्या घरांत चोर तिथेच असतो. त्यामुळे मीटर थांबलेला दिसला म्हणून मालकाला "पाइप ठीक आहे" असं लिहून देऊ नका.

मृद्गंध
योगायोग बघा! मागच्या महिन्यात चार दिवस आम्ही घरी नव्हतो. व्हॉल्व्ह चालूच होता. जायच्या आदल्या दिवशी मी डागाचा फोटो काढला होता, शेजारी टेप लावून, कारण मालकांना पाठवायचा होता. परत आल्यावर पुन्हा काढला. आत्ता दोन्ही जुळवून बघितले. डाग वरच्या बाजूला बोटभर वाढलाय. मूळ फोटो फोनमध्ये आहेत, वेळेसकट.

गवंडीकाम
मग तुमचं अर्धं काम झालंय. आता प्लंबरने गीझरची लाइन वेगळी करून हातपंपाने दाब देऊन बघायची, काटा खाली येतो का. ते काम मालकाच्या माणसाचं. आणि तोवर कोणी येऊन सांध्यात पांढरा सिमेंट भरून, वर रंग मारून गेला तर होऊ देऊ नका. महिनाभर छान दिसेल, मग रंगाला फुगे येतील.

शीघ्रकोपी
आता लिहा ठणकावून. पाइप तुमचा, खर्च तुमचा!

जुना कारकून
नको. पत्रात निदान लिहायचं नाही, जे दिसलं ते लिहायचं. "पाइप फुटलाय" लिहिलंत आणि उद्या भिंत फोडल्यावर दुसरंच निघालं तर सगळं पत्र खोटं ठरतं. "चार दिवस बाथरूम बंद होतं, या तारखेला डाग इथवर होता, त्या तारखेला तिथवर" हे कोणालाच खोडता येत नाही. दुरुस्तीबद्दल करारात काय आहे?

मृद्गंध
कलम ९: "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने, आणि भिंत, छत व भिंतीतील नळकाम मालकाने करावे."

घरमालक मीच
हे कलम असेल तर मालकांनी सांध्यांचा मुद्दा का काढला ते उघड आहे. सांधे किरकोळमध्ये मोडतात. खरं सांगायचं तर तुमचे सांधे खरंच उखडले असतील तर ते तुम्ही भरून घ्या. ओल त्याने आली की नाही हा वेगळा प्रश्न.

मृद्गंध
दोन ठिकाणी उखडलेत, खरं आहे. दाराजवळ.

जुना कारकून
मग तेही पत्रात कबूल करा. आपल्याकडचं लहानसं काम स्वतःहून मान्य केलेलं पत्र वाचणाऱ्याला खरं वाटतं. आणि आणखी एक. काका म्हणा समोर, फोनवर. पत्रात पूर्ण नाव आणि श्री. लिहा. कठोरपणा दाखवायला नव्हे. तिसऱ्याच माणसाने वाचलं तरी कोणी कोणाला लिहिलंय ते कळावं म्हणून.

मृद्गंध
रात्री बसून नवा मसुदा केला. नावं गाळलीत. बघा बरं.

*दिनांक २३*

*श्री. ……… यांस,*

*सप्रेम नमस्कार.*

*विषय: दि. २१ रोजी मिळालेले नोटिशीचे छायाचित्र.*

*दि. २१ रोजी संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी आपल्याकडून व्हॉट्सॅपवर एका हस्तलिखित कागदाचे छायाचित्र मिळाले. मूळ कागद किंवा त्याची प्रत मला मिळालेली नाही. छायाचित्रात कागदाचा वरचा उजवा कोपरा आलेला नाही, त्यामुळे तारीख दिसत नाही. "अन्यथा अनामत रकमेतून" यापुढील मजकूर झाकला गेला आहे. नव्या भाड्याच्या आकड्यातील शेवटचा अंक वाचता येत नाही. कृपया पूर्ण कागदाची प्रत द्यावी, अथवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, आणि भाड्याची रक्कम अक्षरात लिहून कळवावी. तोपर्यंत जेवढे वाचता आले तेवढ्यालाच हे उत्तर आहे. न वाचता आलेल्या कोणत्याही मजकुराला माझी संमती समजू नये.*

*भाड्याबद्दल. करारातील कलम ४ प्रमाणे वाढ ५ टक्के आहे आणि ती ३० दिवस आधी लेखी कळवायची आहे. मला ती २१ तारखेला कळली. तरीही मुदतीचा मुद्दा न ताणता मी येत्या १ तारखेपासून ११०.२५ प्रमाणे भाडे बँकेतून जमा करीन. ही सवलत याच वेळेपुरती आहे. यापेक्षा अधिक रक्कम करारातील कोणत्या कलमानुसार आहे ते कळवावे.*

*दुरुस्तीबद्दल. बेडरूमच्या भिंतीवरील ओल मी चार महिन्यांपूर्वी आपल्याला संदेशाने कळवली होती, तो संदेश सोबत पुन्हा जोडत आहे. डाग जमिनीपासून सुमारे दीड ते दोन फुटांवर असून जमिनीलगतची भिंत कोरडी आहे. मागील महिन्यात आम्ही चार दिवस घरी नव्हतो, बाथरूम वापरात नव्हते आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह चालू होता. त्या काळात डाग वाढलेला दोन छायाचित्रांत दिसतो. तीही सोबत आहेत. ओलीचे कारण ठरवण्यासाठी भिंतीतील गरम व थंड पाण्याच्या लाइनची दाब देऊन तपासणी आपण करून घ्यावी. कलम ९ नुसार हे काम आपल्याकडे येते. कारण ठरण्यापूर्वी भिंतीवर रंग किंवा सांध्यांत भरणी करू नये, अशी विनंती आहे.*

*बाथरूमच्या दाराजवळील सांधे दोन ठिकाणी उखडले आहेत. तपासणी झाल्यावर ते मी माझ्या खर्चाने भरून घेईन.*

*तपासणीसाठी शनिवार किंवा रविवारी सकाळी ९ ते १२, अथवा बुधवारी संध्याकाळी ६ नंतर आम्ही घरी असू. आदल्या दिवशी कळवावे.*

*अनामत रकमेतून काहीही वजा करण्यास मी संमती दिलेली नाही. तसा आपला विचार असल्यास कामाचा लेखी अंदाज आणि कारण आधी कळवावे.*

*माझे करारातील सर्व हक्क राखून हे पत्र दिले आहे. पोच द्यावी.*

*आपली,*
*………*

शीघ्रकोपी
मी लिहिलं असतं तर तीन ओळींत संपलं असतं. पण चांगलं आहे, मान्य.

जुना कारकून
दोन दुरुस्त्या. "ही सवलत याच वेळेपुरती आहे" नंतर "कलम ४ चा अर्थ सोडून दिला असे समजू नये" एवढं जोडा. आणि बँकेतून भाडं भरताना शेऱ्यात महिना आणि "भाडे, कलम ४ प्रमाणे" असं लिहा. नुसता आकडा गेला की तो कशापोटी गेला यावर नंतर वाद होतो. मला स्वतःला १ तारखेपासून ११०.२५ देणं पटलेलं नाही. मी १०५ च भरले असते.

घरमालक मीच
मला मालक म्हणून हे पत्र आलं असतं तर मी चिडलो नसतो. हां, "पोच द्यावी" वाचून थोडं टोचलं असतं.

गवंडीकाम
दाब देऊन तपासणी करताना गीझरला जाणारा आणि येणारा दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायला सांगा. नाहीतर गीझरची टाकीच गळत असेल तर दोष पाइपवर येईल. पत्रात नको, प्लंबर आला की सांगा.

राधिकाची आई
पत्र हातात द्या आणि प्रतीवर सही घ्या. फोटोच्या उत्तराला फोटो पाठवू नका!

मृद्गंध
दोन्ही केलं. कारकून काकांची ओळ जोडली, कागद हातात दिला, आणि पीडीएफ व्हॉट्सॅपवर आणि ईमेलवर पाठवली.

…

मृद्गंध
पाच दिवसांनी सांगायला आले. पूर्ण फोटो आला, या वेळी सपाट टेबलावर ठेवून काढलेला. आकडा ११८ आहे. तारीख या महिन्याची २ आहे, कारकून काकांनी म्हटल्यासारखीच. अंगठ्याखाली लिहिलं होतं, "अनामत रकमेतून खर्च वळता करण्यात येईल." आणि फोटोत अजिबात न आलेली, पानाच्या अगदी खालची एक ओळ: "भाडे ११० + दुरुस्ती वर्गणी ८ दरमहा."

पिंपळपान
११० बरोबर होते माझे! ३ च्या जागी ८.

जुना कारकून
आणि तुमच्यावर विसंबून पत्र लिहिलं असतं तर? असो. आता ही ८ कशाची आणि कधीपर्यंत ते विचारा. वर्षाचे ९६ होतात, म्हणजे जवळजवळ एका महिन्याचं मूळ भाडं. एकूण काम केवढ्याचं, किती महिन्यांत फिटणार, काहीच लिहिलेलं नाही. शिवाय ते भाड्याच्या आकड्यात मिसळून ११८ लिहिलंय. पुढे करार वाढवताना टक्केवारी ११८ वर लावली तर वर्गणीवरही वाढ बसेल.

घरमालक मीच
घरात नवं काही बसवलं, म्हणजे समजा बाथरूमच नवीन करून दिलं, तर थोडं जास्त मागायला हरकत काय? पण जे मोडलंय ते नीट करून देणं ही सुधारणा नाही. त्याची वर्गणी मलाही मागवणार नाही.

शीघ्रकोपी
आणि गंमत बघा, सांधे तुमच्या खर्चाने, वर अनामत कापणार, वर दरमहा ८. एकाच ओलीचे तीनदा पैसे.

मृद्गंध
हे मला दिसलंच नव्हतं! दुसऱ्या पत्रात हेच वाक्य जरा सभ्य करून घालते. प्लंबर शनिवारी येतोय, मालकांनीच पाठवलाय. ८ बद्दल फोनवर म्हणाले, "समोर बसून बोलू."

जुना कारकून
बसा, चहा घ्या, बोला. घरी आल्यावर जे बोलणं झालं ते त्याच दिवशी दोन ओळींत त्यांना लिहून पाठवा. पहिल्या पत्राची पोच मिळाली का?

मृद्गंध
मिळाली. प्रतीवर सही केलीये. तिचा फोटो पाठवलाय त्यांनी, तिरका.